एका माठातील पाणी, दोन जातींचे खडे

बडोद्यातील दांडियाबाजाराच्या परिसरात एक जुने मराठी घर आहे. त्या घराशी माझा वैद्य म्हणून आणि शेजारी म्हणूनही पुष्कळ वर्षांचा संबंध. थोरले अण्णा एकसष्ट वर्षांचे, धाकटे बापू बेचाळीस वर्षांचे. दोघे एकाच छपराखाली राहतात, एकाच चुलीवरचे जेवतात, एकाच माठातील पाणी पितात. २०२२ सालच्या उन्हाळ्यात, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने, दोघांनाही मूतखड्याचा त्रास झाला. आपल्याकडील मराठी घरांत त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलीतून आलेल्या ‘पथरी’ या नावानेच ओळखतात.

घरात एक कागद होता. बापूंना २०१९ साली पहिला खडा पडला तेव्हा कोणा हितचिंतकाने तो दिलेला. काकूंनी तो स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवला होता. त्यावर ‘वर्ज्य’ म्हणून लिहिलेले पदार्थ असे : दूध, दही, टोमॅटो, वांगे, पालक, फ्लॉवर, पेरू, सर्व डाळी. अण्णांना त्रास होताच तोच कागद त्यांनाही लागू झाला. खडा तो खडा, मग पथ्य निराळे कसे असेल, असा घरातील मंडळींचा साधा हिशेब होता. त्या हिशेबाची चूक सांगावी, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

मूतखडा ही एक वस्तू नव्हे, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी एक काळसर, खरखरीत, कदंबाच्या फुलासारखा काट्यांनी भरलेला. दुसरा पिवळट, तांबूस किंवा बिब्ब्याच्या बीसारखा दिसणारा. आजच्या वर्गवारीशी त्याची जोडी तंतोतंत लावण्याचा मोह मी आवरतो. परंतु निरनिराळ्या खड्यांचे रूप निराळे असते, हे निरीक्षण मात्र अचूक आहे. पुढे १७७६ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने खड्यातून एक नवे आम्ल वेगळे काढले. त्यालाच आज आपण यूरिक आम्ल म्हणतो. खडे रासायनिक दृष्ट्या एकापेक्षा अधिक जातींचे असतात हे इंग्लंडातील वोलास्टन याने १७९७ मध्ये दाखवून दिले. तुतीच्या फळासारखा खडबडीत खडा ऑक्झलेटचा असतो, हेही त्यानेच ओळखले.

आज दहा खड्यांपैकी सात-आठ खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतील बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. यूरिक आम्लाचे खडे त्या मानाने थोडे. मात्र मधुमेह आणि स्थूलता असलेल्यांत त्यांचे प्रमाण बरेच वाढते. इतरही जाती आहेत, पण आपल्या दोघा बंधूंपुरत्या या दोन पुरेत.

प्रथम धाकट्या बापूंचे पाहू.

बापूंनी २०१९ पासून दूध-दही सोडले होते. चहादेखील कोरा. तब्येतीची काळजी म्हणून रोज सकाळी कच्च्या पालकाचा पेलाभर रस आणि मूठभर बदाम. कागदावर पालक वर्ज्य होता, हे मी त्यांना विचारले, तर म्हणाले, “डॉक्टर, भाजी वर्ज्य, रस औषधी आहे ना!” तीन वर्षांत त्यांना आणखी दोन खडे झाले. दुसरा सहा मिलिमीटरचा. तो आपोआप पडला. तिसरा मूत्रवाहिनीत अडकला आणि दुर्बिणीने काढावा लागला. सुदैवाने तो त्यांनी फेकला नाही. कागदाच्या पुडीत कोरडा ठेवून प्रयोगशाळेत पाठवला आणि उत्तर आले : कॅल्शियम ऑक्झलेट.

ऑक्झलेट हे वनस्पतींत असणारे एक आम्लज द्रव्य. त्याची ओळख प्रत्येक मराठी गृहिणीला आहे, फक्त नावाने नाही. अळूची पाने चिरताना हाताला खाज येते आणि नीट न शिजलेले फदफदे खाल्ले की घसा खवखवतो. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते. बापूंच्या मूत्रपिंडात जो खडा होता, त्याच द्रव्याच्या या सुया. अळूतील अशा बांधल्या गेलेल्या सुयांपैकी फारच थोड्या आतड्यातून रक्तात शिरतात. धोका असतो तो पाण्यात विरघळणाऱ्या, मोकळ्या ऑक्झलेटचा. आणि ते पालकात, राजगिऱ्याच्या पानांत, चुक्यात, बिटात, बदामात आणि तिळात पुष्कळ असते. अळूतही काही असतेच. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सहाशे मिलिग्रॅमहून अधिक ऑक्झलेट आढळते. वीस-बावीस बदामांतून सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम येते. सामान्य माणसाच्या दिवसभराच्या आहारात सारे मिळून शंभर-दोनशे मिलिग्रॅम असते, हे लक्षात घेतले म्हणजे बापूंच्या एका पेल्याचे वजन कळेल.

आता दुधाची गोष्ट, आणि हीच या सर्व प्रकरणातील कळीची गोष्ट आहे. ‘खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम सोडा’ हा उपदेश कित्येक दशके मोठमोठ्या डॉक्टरांनी दिला. मीही माझ्या तरुणपणी दिला आहे. तर्क सरळ वाटतो, पण आतड्यात घडते ते उलटेच. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला गाठते. दोघांचा मिळून न विरघळणारा साका होतो आणि तो शौचावाटे निघून जातो. दूध बंद केले की ऑक्झलेटला जोडीदार उरत नाही. मग ते मोकळेपणी रक्तात शिरते, मूत्रपिंडात पोहोचते आणि हाडांतून व अन्नातून तेथे आलेल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडते. जी भेट आतड्यात व्हायला हवी, ती मूत्रपिंडात होते.

हे केवळ तर्काने नव्हे, प्रयोगानेही सिद्ध झाले आहे. १९९३ साली अमेरिकेत पंचेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारात कॅल्शियम अधिक घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते. त्यानंतर २००२ साली इटलीतील पार्मा येथील बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणाऱ्या आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जाणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. साठ जणांना कॅल्शियम तोडले. दुसऱ्या साठ जणांना रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल असा नेहमीचा आहार दिला, मात्र मीठ आणि मांस कमी केले. पाच वर्षांत पहिल्या गटातील तेवीस जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातील बारा जणांना.

या प्रयोगात मिठाचा उल्लेख सहज आलेला नाही. मूत्रपिंड जेव्हा मीठ बाहेर टाकते तेव्हा त्याच्याबरोबर कॅल्शियमही बाहेर जाते. सुमारे सहा ग्रॅम जादा मिठामागे लघवीत चाळीसेक मिलिग्रॅम जादा कॅल्शियम, असा ढोबळ हिशेब आहे. बापूंची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून तपासली. एकंदर लघवी एक लिटर शंभर मिलिलिटर. कॅल्शियम २९० मिलिग्रॅम. ऑक्झलेट ५२ मिलिग्रॅम, जे पंचेचाळिसाच्या आत असावे. आणि सोडियमवरून काढलेले मीठ सुमारे चौदा ग्रॅम! घरातले जेवण तर अळणीच, असे काकूंचे म्हणणे. मग शोध लागला : दुकानावर दुपारी शेव-गाठिया, जेवणात पापड आणि लोणचे, संध्याकाळी पुन्हा फरसाण. आपण ज्या प्रांतांत येऊन वसलो, तेथील फराळाची गोडी आपल्याला मुळापेक्षाही अधिक लागली आहे. इंदूरच्या मंडळींनी यावर हसू नये.

बापूंचे पथ्य त्यावरून ठरले. पालकाचा रस बंद, बदाम दिवसाला चार-पाचच. पालेभाज्या सर्वस्वी वर्ज्य नाहीत. मेथी आणि कोबी खुशाल. पालक क्वचित, तोही उकळून, पाणी ओतून टाकून, कारण मोकळे ऑक्झलेट बरेचसे त्या पाण्यात उतरते. पालकाची ताकातली पातळ भाजी आपल्या आजीने कशासाठी शोधून काढली हे तिला विचारता येत नाही, पण ताकातील कॅल्शियम तेथे अगदी योग्य ताटात येते. दूध-दही पुन्हा सुरू, दोन्ही जेवणांबरोबर वाटीभर दही किंवा पेलाभर ताक. येथे ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा. रात्री निजताना घेतलेले दूध वाईट नाही. परंतु जेवणातील ऑक्झलेटला ते गाठू शकत नाही. हाडांसाठी कोणी कॅल्शियमच्या गोळ्या घेत असेल, तर त्याही रिकाम्या पोटी न घेता जेवणाबरोबरच घ्याव्यात. क जीवनसत्त्वाच्या हजार-हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या मात्र थांबवाव्यात. शरीर त्याचा काही भाग ऑक्झलेटमध्येच बदलते. एकादशीच्या फराळावरही एक नजर हवी. रताळे, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू आणि दिवसभर पाणी बेताचे, असा योग जुळला की ऑक्झलेटच्या रुग्णाने सावध व्हावे. उपास करू नये असे नव्हे. जोडीला दही आणि भरपूर पाणी घ्यावे. टोमॅटोचे नाव त्या कागदावर का होते, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्यात ऑक्झलेट अगदी अल्प असते आणि बियांचा खडा होतो ही तर निव्वळ दंतकथा.

आता थोरले अण्णा. त्यांच्या खड्याने प्रथम सर्वांना चकवले. कंबरेतून जांघेकडे उतरणारी कळ आली, एक्स-रे काढला, तो स्वच्छ. ‘खडा नाही, वात आहे’ असे कोणी सांगितले आणि महिनाभर शेक चालला. पुढे सोनोग्राफीत तेरा मिलिमीटरचा खडा दिसला. शुद्ध यूरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, कारण क्ष-किरण त्याच्यातून आरपार जातात. सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो. सीटीवर घनतेचा जो आकडा मिळतो, तो कॅल्शियमच्या खड्यात बहुधा मोठा असतो. अण्णांचा चारशेच्या घरात होता. संशय येथेच बळावला. मी त्यांना चहाच्या जुन्या गाळणीतून लघवी गाळायला सांगितली. चौथ्या दिवशी विटकरी रंगाची वाळू आणि मोहरीएवढा एक पिवळट कण सापडला. तपासणीत तो यूरिक आम्लाचा निघाला.

अण्णांना मधुमेह, वजन ब्याण्णव किलो. रक्तातील यूरिक आम्ल मात्र साधारण होते. यामुळे पुष्कळ लोक गोंधळतात. या खड्याचे मुख्य कारण यूरिक आम्ल फार तयार होणे हे नसून लघवी फार आंबट असणे हे असते. मधुमेही आणि स्थूल व्यक्तींचे मूत्रपिंड अमोनिया पुरेसा तयार करीत नाही. त्यामुळे आम्ल झाकले जात नाही आणि लघवीचा पीएच (शालेय पुस्तकांतला ‘सामू’) पाच-सव्वापाचवर अडकून राहतो. अशा आंबट पाण्यात यूरिक आम्ल विरघळतच नाही.

याचा हिशेब अण्णांच्याच आकड्यांवर करून पाहू. त्यांची दिवसाची लघवी एक लिटर तीनशे मिलिलिटर, पीएच ५.१, आणि तीतून जाणारे यूरिक आम्ल ६२० मिलिग्रॅम. ५.१ पीएचच्या शंभर मिलिलिटर लघवीत जेमतेम पंधरा मिलिग्रॅम यूरिक आम्ल विरघळून राहू शकते. म्हणजे अण्णांच्या दिवसभराच्या लघवीत सुमारे १९५ मिलिग्रॅमची सोय आणि पाहुणे ६२०. उरलेल्यांनी खडा होऊन बसावे यात नवल नाही. पाणी वाढवून लघवी अडीच लिटर केली, तरी सोय होते ३७५ मिलिग्रॅमची, अजूनही अपुरी. डाळी सोडून यूरिक आम्ल ६२० चे ५०० झाले असे धरले, तरी जागा नाहीच. पण पीएच ५.१ वरून ६ झाला की त्याच शंभर मिलिलिटरमध्ये पन्नासच्या आसपास मिलिग्रॅम मावते. मग लघवीचे प्रमाण न वाढवताही साडेसहाशेची सोय होते. आणि पीएच साडेसहा झाला, तर ती दुपटीहून अधिक. तेथे नवा खडा होत नाहीच, शिवाय जुना हळूहळू विरघळू लागतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कोणत्याही औषधाने असा विरघळत नाही. यूरिक आम्लाचा विरघळतो, हे या खड्याचे मोठेच सुदैव म्हटले पाहिजे.

म्हणून अण्णांच्या पथ्याचा रोख निराळा. त्यांना दुधाची बंदी नाही, पालकाचीही नाही. उलट भाज्या आणि फळे लघवीचा आंबटपणा कमी करतात, म्हणून त्यांच्या ताटात भाजी दुप्पट. कमी करायचे ते रविवारचे मटण, कलेजी, सुकट, कोळंबी आणि लहान मासे, कारण यांतून यूरिक आम्लही वाढते आणि लघवीचा आंबटपणाही. बिअरने खडा वाहून जातो, ही मित्रमंडळींत चालणारी समजूत अण्णांसारख्यांना विशेष घातक. ती यूरिक आम्ल वाढवते. बाटलीतील गोड पेयांचेही तसेच. डाळींची भीती मात्र अनाठायी होती. त्यांतील प्यूरिने मांसातल्या प्यूरिनांसारखी बाधत नाहीत, आणि मधुमेह्याने वरण सोडून भात वाढवला तर नुकसान दुहेरी. वजन घटवणे हे अण्णांचे खरे दीर्घकाळचे औषध. ते अर्थातच सर्वांत अवघड.

केवळ आहाराने पीएच इतका चढत नाही, म्हणून त्यांना पोटॅशियम सायट्रेट दिवसातून तीनदा जेवणानंतर सुरू केले. त्यापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील पोटॅशियम तपासले. ज्यांचे मूत्रपिंड दुर्बल आहे, किंवा जे रक्तदाबाची पोटॅशियम वाढवणारी औषधे घेतात, त्यांना हे औषध धोक्याचे ठरू शकते. ते दुकानातून परस्पर आणून घेण्याचे नव्हे. घरी पट्टीने सकाळ-संध्याकाळ पीएच पाहून वहीत लिहायचा, असे ठरले. लक्ष्य सहा ते सात यांच्या मध्ये, साडेसहाच्या आसपास. एका आठवड्यात अण्णांनी हौसेने खाण्याच्या सोड्याचीही भर घातली आणि पीएच साडेसातवर नेला. ते थांबवावे लागले. लघवी फार अल्कधर्मी झाली की कॅल्शियम फॉस्फेटचे खडे बसू लागतात, आणि सोड्यातील सोडियमचा उपद्रव वेगळाच. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत तेरा मिलिमीटरचा खडा पाचावर आला होता. आणखी दोन महिन्यांनी दिसला नाही.

दोघांच्या पथ्यात समान असे एकच मोठे कलम, पाण्याचे. येथेही मोजायचे ते प्यालेले पाणी नव्हे, बाहेर पडणारी लघवी. दिवसाला अडीच लिटर. बडोद्याच्या मे महिन्यात घामावाटे किती जाते हे सांगता येत नाही, म्हणून पेले मोजणे व्यर्थ. बापूंनी दुकानातल्या एका रविवारी मापाच्या भांड्याने मोजून पाहिले, तेव्हा ‘तीन लिटर पितो’ म्हणणाऱ्या गृहस्थाची लघवी सव्वा लिटर भरली. बोर्गींच्याच १९९६ सालच्या दुसऱ्या प्रयोगात पहिला खडा झालेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्या नव्व्याण्णवांत पाच वर्षांत बारा जणांना पुन्हा खडा झाला, तर तशी सूचना न दिलेल्या शंभरांत सत्तावीस जणांना. लिंबू दोघांनाही चालते. त्यातील सायट्रेट बापूंच्या लघवीत स्फटिक जमू देत नाही. मात्र ते पाण्यात पिळून घ्यावे. आपले साखर-मीठ घातलेले सरबत पुन्हा त्याच दोन वैऱ्यांना घरात घेते. कुळथाच्या कढणाविषयी नेहमी विचारतात. पातळ कढण पोटात गेले तर तेवढे पाणी गेले, यापलीकडे मी त्याची हमी देत नाही, आणि त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नये. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असलेल्याला कळ आली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतू शिरले की काही तासांत जिवावर बेतते.

आपला खडा कोणता, हे न कळता पथ्य ठरवू नये. पडलेला खडा धुऊन, वाळवून, कागदात ठेवावा. बाटलीत औषध घालून नव्हे. तो पडलाच नाही, तर लघवीचा पीएच, सीटीतील घनता आणि चोवीस तासांची तपासणी यांवरून बराच अंदाज बांधता येतो. काही खडे मिश्रही असतात. तेव्हा दोन्ही पथ्यांची सांगड डॉक्टरांनी घालावी.

काकूंनी जुना कागद काढून टाकला. आता कपाटाच्या दारावर दोन कागद आहेत. अण्णांच्या कागदावर पालकापुढे ‘चालेल’ आणि मटणापुढे ‘महिन्यातून एकदा’ असे लिहिले आहे. बापूंच्या कागदावर पालकापुढे ‘उकळून, ताकात’ आणि गाठियापुढे नुसतेच एक प्रश्नचिन्ह. ते कोणी काढले, हे घरात कोणी कबूल करीत नाही. दूध दोन्ही कागदांवर आहे.